एका मिनिटाचा फ्लॅट-टूर व्हिडिओ: स्क्रिप्ट आणि चौकशी आणणारा शेवट

प्रश्न: फ्लॅट विकण्याचं काम करतो. दोन बेडरूमच्या रीसेल फ्लॅटचा एक मिनिटाचा उभा व्हिडिओ करायचाय. आधीचे व्हिडिओ लोक बघतात, लाइक करतात, पण चौकशी जवळजवळ येत नाही. स्क्रिप्ट कशी लिहू आणि शेवटी नेमकं काय बोलू?

उत्तर:

लिहायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून करा. बघणाऱ्याने व्हिडिओ संपल्यावर नेमकी कोणती एक गोष्ट करायची आणि ती केल्यावर त्याच्या हातात काय पडणार, हे ठरलं की वरचे पन्नास सेकंद आपोआप सुचायला लागतात. बहुतेक एजंट उलट करतात. दारापासून बाल्कनीपर्यंत सगळं दाखवून होतं आणि उरलेल्या तीन सेकंदांत घाईघाईने ‘अधिक माहितीसाठी संपर्क करा, लाइक करा, शेअर करा, फॉलो करा’ उरकलं जातं. चार कामं सांगितली की माणूस त्यातलं सगळ्यात सोपं निवडतो. तुम्हाला लाइक मिळतात ते म्हणूनच. लोक तुमचंच ऐकतायत.

आता शब्दांचा हिशेब. कॅमेऱ्यापुढे मराठी शांतपणे, समजेल असं बोलायचं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे एका मिनिटाला 115 ते 125 शब्द. कागदावर हे फारच थोडं वाटतं, आणि इथेच स्क्रिप्ट फसते: 200 शब्द लिहिले जातात, मग ते बसवण्यासाठी धावत बोललं जातं आणि ऐकणाऱ्याच्या कानात एकही आकडा राहत नाही. स्क्रिप्ट लिहून झाली की घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात होतं, त्यावर विसंबू नका. मिनिटाच्या पुढे गेलात तर विशेषणं काढा. ‘प्रशस्त’, ‘हवेशीर’, ‘आलिशान’ हे शब्द काढल्याने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक व्हिडिओत तेच असल्यामुळे ते कुणाच्या कानातच शिरत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाने काय सांगायचं. ‘हा आपला हॉल, हे किचन, ही मास्टर बेडरूम’ हे डोळ्यांना दिसतंच आहे. आवाजाने ते सांगावं जे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही: खोलीचं माप, खिडकीची दिशा, कुठलं सामान बसतं, कुठलं बसत नाही, वॉशिंग मशीनला नळ आणि प्लग आहे का. फोनवर रिकाम्या खोलीचा अंदाज कुणालाच येत नाही. ‘बारा बाय अकरा’ म्हटलं तरी निम्म्या लोकांना काही कळत नाही, पण ‘डबल बेड ठेवून दोन्ही बाजूंनी उतरता येतं’ म्हटलं की खोली डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणून माप आणि त्याचा अर्थ, दोन्ही जोडीने द्या.

मापं स्वतः टेपने घ्या, मालकाच्या तोंडचं किंवा जुन्या ब्रोशरमधलं उचलू नका. आणि एक बेरीज करून बघा. समजा हॉल 17 × 11, किचन 8 × 9, मोठी बेडरूम 12 × 11, लहान बेडरूम 10 × 9, दोन बाथरूम प्रत्येकी 8 × 4 आणि पॅसेज 35 चौरस फूट. म्हणजे 187, 72, 132, 90, 64 आणि 35, एकूण 580. मधल्या भिंतींचे वीसेक धरले की कार्पेट 600 चौरस फूट बरोबर जुळतं. व्हिडिओत ‘साडेसातशे’ म्हणालात तर कुणीतरी खोल्यांची मापं गुणून खाली कॉमेंटमध्ये हिशेब मांडणारच, आणि ती कॉमेंट तुमच्या व्हिडिओपेक्षा जास्त वाचली जाईल. बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि सामायिक जागा यांचे आकडे कार्पेटमध्ये मिसळू नका. सांगायचे तर वेगळे सांगा.

पुढची स्क्रिप्ट याच मापांच्या फ्लॅटसाठी आहे. चौथा मजला, हॉलची खिडकी पूर्वेला, किचनला लागून ड्राय बाल्कनी, एक झाकलेलं पार्किंग. फ्लॅटला एक उणं आहे: दुसरी बेडरूम लहान. ते स्क्रिप्टमध्ये कुठे आणि कसं आलंय ते नीट बघा.

0 ते 5 सेकंद. दृश्य: हॉलच्या स्विचबोर्डचा अगदी जवळून शॉट, सगळी बटणं बंद. कॅमेरा तिथून वळतो आणि उजेडाने भरलेला हॉल दिसतो.
आवाज: ‘सकाळचे साडेआठ. सगळे दिवे बंद आहेत. आता हॉल बघा.’

5 ते 14. दृश्य: हॉलच्या कोपऱ्यातून लांबीच्या दिशेने, मग खिडकी.
आवाज: ‘सतरा बाय अकरा. सोफा इथे, मागे चौघांचं जेवणाचं टेबल. खिडकी पूर्वेला, समोर इमारत नाही.’

14 ते 23. दृश्य: किचनच्या दारातून ओटा, मग ड्राय बाल्कनीतल्या नळावर आणि प्लगवर दोन सेकंद.
आवाज: ‘किचन आठ बाय नऊ, एल आकाराचा ओटा. फ्रीजला वेगळी जागा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आणि प्लग, दोन्ही आहेत.’

23 ते 30. दृश्य: मोठी बेडरूम, दारातून आत.
आवाज: ‘मोठी बेडरूम बारा बाय अकरा. डबल बेड ठेवून दोन्ही बाजूंनी उतरता येतं. बाथरूम आतच.’

30 ते 39. दृश्य: लहान बेडरूम, दारातूनच, कॅमेरा स्थिर.
आवाज: ‘दुसरी बेडरूम लहान आहे. दहा बाय नऊ. सिंगल बेड, टेबल आणि कपाट बसतं. डबल बेड ठेवलात तर टेबल बसणार नाही.’

39 ते 45. दृश्य: बाल्कनीतून पार्किंग, किंवा लिफ्टचं दार. स्क्रीनवर किंमत आणि क्षेत्रफळ, मोठ्या अक्षरात.
आवाज: ‘चौथा मजला, लिफ्ट, झाकलेलं पार्किंग. कार्पेट सहाशे चौरस फूट. किंमत स्क्रीनवर.’

45 ते 62. दृश्य: पुन्हा तोच उजेडातला हॉल, या वेळी तुम्ही स्वतः कॅमेऱ्याकडे बघत. स्क्रीनवर फक्त 27 हा आकडा आणि व्हॉट्सॲप नंबर.
आवाज: ‘शनिवार-रविवार सकाळी नऊ ते अकरा, हाच उजेड असताना फ्लॅट दाखवतोय. एका वेळी एकच कुटुंब, म्हणून सहाच वेळा आहेत. मापांसकट नकाशा आणि तुमची वेळ हवी असेल, तर व्हॉट्सॲपवर फक्त सत्तावीस लिहून पाठवा. आत्ताच.’

सुरुवातीच्या पाच सेकंदांत नमस्कार नाही, तुमचं नाव नाही, एजन्सीचा लोगो फिरत येत नाही. अंगठा पुढच्या व्हिडिओकडे सरकवायला लागणारा वेळ तेवढाच असतो आणि अनोळखी माणसाच्या नावासाठी कुणी थांबत नाही. नाव स्क्रीनच्या कोपऱ्यात पूर्ण वेळ लहान अक्षरात असू द्या. स्विचबोर्डचा शॉट मात्र काम करतो, कारण त्यात एक दावा आहे आणि त्याचा पुरावा पुढच्याच सेकंदाला मिळतो. तुमच्या फ्लॅटमध्ये उजेड नसेल तर हा शॉट उसना घेऊ नका. त्या फ्लॅटचं जे खरोखर चांगलं आहे ते शोधा. रस्त्यालगतची इमारत असूनही मागची बेडरूम शांत असेल तर खिडकी बंद करतानाचा आवाज आणि त्यानंतरची शांतता, बोलल्याशिवाय, चार सेकंद. खूप साठवणीची जागा असेल तर लॉफ्टचं दार उघडतानाचा शॉट. दावा कितीही लहान चालेल, पण तो डोळ्यांनी किंवा कानांनी पटला पाहिजे.

लहान बेडरूमचं वाक्य काढून टाकावंसं वाटेल. मालक तर हमखास म्हणेल, ‘हे कशाला सांगता?’ त्यांना गणित सांगा. ज्याला दोन्ही खोल्यांत डबल बेड हवेत तो प्रत्यक्ष येऊन, टेप लावून परत जाणारच आहे. त्याने तुमचा, मालकाचा आणि स्वतःचा प्रत्येकी एक तास घालवण्यापेक्षा व्हिडिओतच थांबलेला बरा. आणि उणं एकदा मोकळेपणाने सांगितलं की बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. फक्त ते सांगताना त्याची जागा सांभाळा: चांगल्या दोन-तीन गोष्टींच्या नंतर, शेवटाच्या आधी, आणि त्याच दमात त्या खोलीत काय बसतं हेही. ओशाळून, माफी मागितल्यासारखं सांगू नका. मात्र पावसात भिंतीला ओल येते, पाणी ठरावीक वेळच येतं, कागदपत्रांत अडचण आहे, असल्या गोष्टी एका ओळीत मांडता येत नाहीत आणि लपवताही येत नाहीत. त्या चौकशी करणाऱ्याला भेटीआधी स्पष्ट सांगायच्या.

किंमत दाखवायची की नाही यावर एजंटांची दोन मतं असतात. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटलं की मेसेज जास्त येतात हे खरं, पण त्यातले पुष्कळ किंमत ऐकूनच गप्प होतात आणि तुमचा दिवस त्यांना उत्तरं देण्यात जातो. तुमची तक्रार चौकशी येत नाही अशी आहे, तरी माझं मत किंमत दाखवावी असंच. मालक आकडा द्यायला तयार नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा द्या. फक्त तो इतका रुंद नको की त्याला अर्थच उरणार नाही.

आता शेवटचे सतरा सेकंद. यात चार गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

आधी कारण येतं, मग कृती. ‘27 पाठवा’ हे सगळ्यात शेवटी, कारण व्हिडिओ संपताना कानात राहिलेलं वाक्य तेच असतं आणि हात तेव्हाच मोकळा असतो. कृती आधी सांगून नंतर वेळापत्रक सांगितलंत तर तो वेळापत्रक ऐकत बसतो आणि तेवढ्यात व्हिडिओ परत पहिल्यापासून सुरू होतो. कृती एकच आहे: एक आकडा, एका ठिकाणी. ‘कॉल करा किंवा मेसेज करा किंवा कॉमेंट करा’ यातल्या प्रत्येक ‘किंवा’पाशी माणूस क्षणभर थबकतो.

शब्दाऐवजी आकडा का? तो ऐकून लगेच कळतो, कुठल्याही कीबोर्डवर टाइप होतो आणि त्यात शुद्धलेखन चुकायची सोय नाही. ‘उजेड’ लिहा म्हटलं तर कुणी देवनागरीत लिहील, कुणी रोमनमध्ये, कुणी कीबोर्ड बदलायचा कंटाळा करून सोडून देईल. 27 हा तुमच्या स्वतःच्या यादीतला क्रमांक असावा, फ्लॅटचा खरा क्रमांक नको. फ्लॅट रिकामा असताना त्याचा पत्ता जगजाहीर करायचा नसतो. शिवाय प्रत्येक व्हिडिओला वेगळा आकडा दिला की आलेला मेसेज कुठल्या व्हिडिओमुळे आला हे विचारावंच लागत नाही.

मेसेज पाठवणाऱ्याला काय मिळणार हे नाव घेऊन सांगितलंय: मापांसकट नकाशा आणि भेटीची वेळ. ‘अधिक माहिती’ ही कुणालाच हवी नसते, कारण ती म्हणजे फोनवरचा विक्रीचा मारा, असा लोकांचा अनुभव असतो. नकाशा ही वस्तू आहे. तो घरच्यांना पुढे पाठवता येतो, त्यावर सोफा काढून बघता येतो. ज्याला खरंच घर घ्यायचंय तोच नकाशा मागतो, त्यामुळे चाळणी आपोआप लागते. नकाशा सुबक हवाच असं नाही. कागदावर पट्टीने काढून मापं लिहिलेला, सरळ उजेडात फोटो काढलेला चालतो. पण व्हिडिओ टाकायच्या आधी तो तयार हवा.

आणि घाई खरी आहे. नऊ ते अकरा म्हणजे दोन तास, एका कुटुंबाला चाळीस मिनिटं, म्हणजे दिवसाला तीन वेळा आणि दोन दिवसांत सहा. ‘त्वरा करा, शेवटची संधी’ म्हणायची गरज पडत नाही, कारण आकड्याचं कारण त्याच वाक्यात आहे. खोटी घाई पकडली जाते ती पुढच्या महिन्यात, तोच व्हिडिओ तीच ‘शेवटची संधी’ सांगताना दिसतो तेव्हा. म्हणून शेवटचा तुकडा एकाच बैठकीत दोन प्रकारे रेकॉर्ड करा, एक शनिवार-रविवारचा आणि एक वाराशिवायचा: ‘सकाळच्या उजेडात फ्लॅट बघायचा असेल, तर मापांसकट नकाशा आणि भेटीच्या वेळेसाठी व्हॉट्सॲपवर फक्त सत्तावीस लिहून पाठवा.’ रविवार उलटला की दुसरा शेवट लावलेला व्हिडिओ टाका.

कॉमेंटमध्ये 27 लिहायला सांगावं का? त्याने व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत जातो, हे आकर्षण मोठं आहे. पण घर शोधणारा माणूस ते चारचौघांत, नातेवाइकांच्या आणि सध्याच्या घरमालकाच्या डोळ्यांदेखत जाहीर करायला सहसा तयार नसतो. कॉमेंट करणारे बरेचदा इतर एजंट असतात. फ्लॅटसाठी व्हॉट्सॲपच बरं. रीलच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक साधारणपणे दाबता येत नाही, म्हणून नंबर स्क्रीनवर हवाच आणि लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. ही लिंक अशी करा की दाबल्यावर तुमची चॅट उघडते आणि 27 आधीच टाइप झालेलं असतं:

```
https://wa.me/<देशाचा कोड><नंबर>?text=27
```

कंसांच्या जागी फक्त अंक येतात. देशाच्या कोडाआधी अधिकचं चिन्ह नको, शून्यं नकोत, मध्ये मोकळी जागा किंवा रेघ नको. यातलं काही राहिलं तर लिंक दाबूनही चॅट उघडेलच असं नाही आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओ टाकण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून एकदा दाबून बघा.

शूटिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण स्क्रिप्ट चांगली असेल तर साधा फोन पुरतो. फोन उभा, छातीच्या उंचीवर. डोळ्यांच्या उंचीवरून जमीन जास्त दिसते आणि खोली बुटकी वाटते. चालत शूट करण्यापेक्षा प्रत्येक खोलीत थांबून सहा-सात सेकंदांचा स्थिर शॉट घ्या आणि नंतर कापा. उजेडाच्या शॉटमध्ये एक खोच आहे: खिडकीकडे तोंड करून सुरू केलंत तर फोन खिडकीला सांभाळतो आणि हॉल काळा पडतो. खिडकीकडे पाठ करून उभे राहा, स्क्रीनवर दिसणाऱ्या भिंतीवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग रेकॉर्ड दाबा. 0.5 ची वाइड लेन्स बाथरूमसारख्या अरुंद जागेत एखाद्या शॉटला ठीक आहे, पण हॉल आणि बेडरूम 1 वरच घ्या. वाइडमध्ये दहा बाय नऊची खोली चौदा फुटांची दिसते आणि दारात पाऊल ठेवताच पाहुण्याचा चेहरा पडतो. अशी भेट पुढे सरकत नाही.

शूटिंगआधी घरभर एक फेरी मारा. कुटुंबाचे फोटो, दारावरची पाटी, औषधं, टेबलावरची बिलं, भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या काढून ठेवा. किल्लीच्या स्पष्ट फोटोवरून तिची नक्कल करता येते. आरशात तुम्ही दिसता का बघा. व्हिडिओ टाकायला मालकाची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही नसल्यापेक्षा बरा. जिथे जाहिरातीत एजंटचा किंवा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक दाखवणं बंधनकारक आहे, तिथे तो स्क्रीनवर वाचता येईल असा हवा. असा व्हिडिओ ही जाहिरातच आहे, त्याला सूट नसते.

सबटायटल घाला, कारण आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात. फक्त ती स्क्रीनच्या अगदी तळाशी नकोत: तिथे ॲपचं कॅप्शन येतं आणि उजवीकडे बटणं. 27 आणि नंबर मधल्या भागात ठेवा आणि शेवटच्या तुकड्यात किमान आठ सेकंद हलू देऊ नका. आकडा बघून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन टाइप करायला तेवढा वेळ लागतो.

आता मेसेज आला. इथे अर्ध्या चौकशा मरतात. माणूस 27 पाठवतो आणि उत्तर येतं, ‘नमस्कार सर, आपलं बजेट काय?’ नकाशा कबूल केला होता, तो द्या. उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असावं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ते क्विक रिप्लाय म्हणून साठवता येतं, शॉर्टकट 27 ठेवलात तर `/27` टाइप केलं की अख्खा मजकूर समोर येतो:

‘नमस्कार. 27 नंबरच्या फ्लॅटचा मापांसकट नकाशा सोबत पाठवतोय. किंमत ____, महिन्याचा मेंटेनन्स ____. दुसऱ्या बेडरूमचं माप नकाशात आवर्जून बघून घ्या. शनिवारी 9:40 आणि रविवारी 9:00 या वेळा सध्या मोकळ्या आहेत. यातली कुठली सोयीची पडेल?’

यात प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दोनच वेळा दिल्या, कारण ‘कधी येताय?’ विचारलं की ‘बघून सांगतो’ येतं आणि तिथेच विषय मिटतो. बजेट, कर्ज, घाई किती, हे सगळं वेळ ठरल्यानंतर विचारा. तेव्हा तो सांगायला तयार असतो. वेळ भरली की साठवलेला मजकूर लगेच बदला, नाहीतर एकाच चाळीस मिनिटांत दोन कुटुंबं दारात उभी राहतील आणि व्हिडिओतलं ‘एका वेळी एकच कुटुंब’ खोटं ठरेल.

व्हिडिओ टाकल्यावर तीन-चार दिवसांनी कुठे गळती आहे ते बघा. पहिल्या तीन-चार सेकंदांतच बहुतेक लोक निघून जात असतील तर पहिला शॉट बदला, बाकीच्याला हात लावू नका. शेवटपर्यंत बघतायत पण 27 येत नाही, असं असेल तर आधी नंबर वाचता येतो का आणि लिंक चालते का ते तपासा. ते ठीक असेल तर एक तर किंमत बाजाराच्या वर आहे किंवा देऊ केलेली वस्तू कुणाला नकोय. 27 येतं पण वेळ ठरत नाही, तर दोष तुमच्या उत्तरात किंवा ते किती उशिरा गेलं त्यात. भेटी होतात आणि तिथेच थांबतं, तर व्हिडिओ आपलं काम करतोय. पाहुण्यांनी परत जाताना काय म्हटलं ते मालकाला जसंच्या तसं सांगायची वेळ आली आहे.

फ्लॅट गेला तरी 27 येत राहतं, कारण व्हिडिओ कुठे ना कुठे फिरतच असतो. कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत ‘विकला गेला’ लिहा आणि `/27` चा मजकूर बदलून ठेवा: ‘27 गेला. त्याच मापाचा, पण दुसरी बेडरूम मोठी असलेला 31 आहे. नकाशा पाठवू?’ अर्थात, 31 खरोखर हातात असेल तरच.